दोन अदलाबदली, तीन रजा आणि कोकणकन्या

गणपतीला कोकणात जायचं तर गाडीचं आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं आणि बघता बघता संपतं. मुंबईतल्या एखाद्या खासगी रुग्णालयातल्या सिस्टरच्या हातात मात्र महिन्याचं ड्युटीचं वेळापत्रक, म्हणजे रोस्टर, जेमतेम आठवडाभर आधी पडतं. तिकीट आधी काढायचं आणि ड्युटी नंतर कळणार! रोस्टर भिंतीवर लागलं की ड्युटीरूममध्ये ‘माझी नाइट घेतेस का’ची कुजबुज सुरू होते, ती यामुळेच.

ही अदलाबदल वरवर सोपी दिसते. तू माझी ड्युटी कर, मी तुझी करते. प्रत्यक्षात इन्चार्ज सिस्टरच्या टेबलावरून असे बरेच अर्ज परत येतात. अर्ज करणारीने आपली एकच चौकट पाहिलेली असते, इन्चार्जला मात्र अख्खा तक्ता दिसत असतो. एक उदाहरण घेऊ. खऱ्या माणसांची नावं नकोत, म्हणून वॉर्डातल्या सवयीप्रमाणे गावावरूनच ओळखू: रत्नागिरी, लातूर आणि कोट्टायम.

या वॉर्डात सकाळ आठ ते दोन, दुपार दोन ते आठ आणि रात्र आठ ते आठ अशा पाळ्या आहेत. चतुर्थी सोमवारी आली आहे. रत्नागिरीच्या सिस्टरला शनिवारी रात्री अकराच्या सुमाराची कोकणकन्या पकडायची आहे, आणि परतीच्या गाडीने ती गुरुवारी पहाटे मुंबईत उतरणार आहे. रोस्टरवर तिला शनिवारी रात्र, रविवारी ऑफ, सोमवार ते गुरुवार सकाळ आणि शुक्रवारीही सकाळ लागली आहे.

तिचा पहिला विचार कोणाचाही असतो तोच. सोमवार, मंगळवार, बुधवार मैत्रिणींनी सांभाळावेत, म्हणजे रजा खर्चच होणार नाहीत. पण अदलाबदलीने मोकळा दिवस तयार होत नाही, तो फक्त एकीकडून दुसरीकडे जातो. पूर्ण दिवस हवा असेल तर कोणाचा तरी साप्ताहिक ऑफ घ्यावा लागतो. कोट्टायमचा ऑफ सोमवारी असतो आणि त्याच्या बदल्यात तिला पुढच्या रविवारी ऑफ दिला, असं समजा. आधीच्या मंगळवारपासून त्या शनिवारपर्यंत मोजा, सलग बारा दिवस भरतात. 1948च्या फॅक्टरी कायद्याने कारखान्यात ऑफ बदलताना सलग दहा दिवसांच्या वर काम घ्यायचं नाही अशी मर्यादा घातली होती. रुग्णालय म्हणजे कारखाना नव्हे, पण थकलेला हात दोन्हीकडे चुकतो, आणि बाराव्या दिवशी त्या हाताने इन्सुलिन भरायचं असतं.

म्हणून मधल्या दिवसांना रजा आणि कडेच्या दिवसांना अदलाबदल, अशी वाटणी करावी. रत्नागिरीला सोमवार, मंगळवार, बुधवार अशा तीन रजा घ्याव्याच लागतील. शनिवारची रात्र आणि गुरुवारची सकाळ मात्र मैत्रिणींच्या मदतीने सरकवता येते.

शनिवारच्या रात्रीसाठी ती आधी लातूरला विचारते. लातूरची शनिवारी दुपार आहे आणि ती लगेच हो म्हणते. इथे बहुतेकींचा घोळ होतो. लातूरला रविवारी सकाळी आठची ड्युटी आहे. शनिवारची नाइट रविवारी सकाळी आठला उतरते, म्हणजे तिला पाठोपाठ अठरा तास उभं राहावं लागेल. ‘मी करीन गं, सवय आहे’ असं ती म्हणेलही. पण नाइट दिसली की इन्चार्जची नजर आधी दुसऱ्या दिवसाच्या चौकटीवर जाते आणि अर्ज परत येतो.

मग कोट्टायम. तिचीही शनिवारी दुपार आहे, पण रविवार या आठवड्यात ऑफ आहे आणि सोमवारी दुपारची ड्युटी. (वरचा सोमवारच्या ऑफचा हिशेब नुसता मानलेला होता.) रविवारी आठला उतरून सोमवारी दोनला यायचं, म्हणजे मध्ये तीस तास मिळतात. रात्रपाळीनंतरची सुट्टी तारखेने न मोजता पाळी संपल्यापासून सलग चोवीस तासांची धरायची, हाही त्याच जुन्या कायद्यातला हिशेब. तो इथे बसतो. तरीही कोट्टायमचा अर्धा रविवार झोपेत जाणार, याची परतफेड त्याच मापाची हवी. पुढच्या शनिवारी कोट्टायमला रात्र आहे, रत्नागिरीला दुपार आणि दुसऱ्या दिवशी ऑफ. ती रात्र रत्नागिरी घेते. नाइटला नाइट, ऑफला ऑफ.

गुरुवारचं काम हलकं आहे. त्या दिवशी लातूरला दुपार आहे, ती रत्नागिरीची सकाळ घेते. लातूर बुधवारी दुपारची ड्युटी करून रात्री आठला सुटलेली असेल, तर मध्ये बारा तास आहेत. रत्नागिरी गुरुवारी रात्री आठला सुटून शुक्रवारी सकाळी आठला येते, तिलाही तेवढेच तास मिळतात.

आता अर्ज. ‘घरी गणपती आहेत, कृपया सहकार्य करावे’ यात इन्चार्जला तपासण्याजोगं काहीच नसतं. तिला हवा तो मजकूर असा:

‘सोमवार ते बुधवार तीन दिवसांची रजा मिळावी. शनिवारी माझी रात्र सिस्टर कोट्टायम करतील, त्यांची दुपार मी करीन. त्यांना रविवारी ऑफ असून पुढची ड्युटी सोमवारी दुपारी आहे. पुढील शनिवारी त्यांची रात्र मी करीन, माझी दुपार त्या करतील. मला रविवारी ऑफ आहे. गुरुवारी माझी सकाळ सिस्टर लातूर करतील, त्यांची दुपार मी करीन. तिघींच्या सह्या खाली आहेत.’

प्रत्यक्ष अर्जात अर्थातच नावं आणि तारखा येतात. रजा वेगळी आणि अदलाबदल वेगळी लिहिली की ऑफिसात पाच दिवसांची रजा कापली जायचा धोका राहत नाही. सह्यांच्या जागी व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा चालत नाही. आयत्या वेळी एखादी आली नाही तर आधीच्या पाळीची सिस्टर रिलीव्हर येईपर्यंत वॉर्ड सोडू शकत नाही, आणि छापील रोस्टरवर नाव रत्नागिरीचंच असतं. मंजुरीनंतर भिंतीवरच्या तक्त्यात इन्चार्जच्या सहीने बदल झाला का आणि हजेरीच्या मशीनवर नवी पाळी चढली का, हे दोन्ही गावी निघण्याआधी पाहायचं. नाहीतर महिनाअखेरीस रत्नागिरी शनिवारी रात्री ‘गैरहजर’ दिसते आणि तिची दुपारची हजेरी कशातच धरली जात नाही.

आयसीयूत आणखी एक अट येते. व्हेंटिलेटर सांभाळणारीच्या जागी तेच काम येणारीच लागते, नुकती रुजू झालेली नव्हे. कारखान्यातही तसंच आहे. बॉयलर अटेंडंटची पाळी पॅकिंगवाल्याला घेता येत नाही, तयारी कितीही असो.

कोट्टायमला नाताळातही मदत हवी आहे आणि रत्नागिरीने तोंडी शब्द दिला आहे. तो अर्जात लिहून उपयोग नाही. डिसेंबरचं रोस्टर अजून बनलेलं नाही, आणि नसलेली ड्युटी कोणी मंजूर करत नाही. तो हिशेब दोघींच्या भरवशावर राहतो.

अर्जाच्या शेवटी एक ओळ मात्र हवीच: ‘रजा नामंजूर झाल्यास वरील सर्व बदल रद्द समजावेत.’ ती नसेल आणि इन्चार्जने रजा तेवढी नाकारली, तर रत्नागिरी सोमवारी सकाळी मुंबईतच वॉर्डात असते, तिकीट रद्द झालेलं असतं, आणि पुढच्या शनिवारची कोट्टायमची नाइट तिच्या नावावर तशीच उभी असते.