सुरुंगांची शिडी

२००० साली आलेल्या ‘डेऊस एक्स’ या गेममध्ये भिंतीला चिकटवता येणारा एक सुरुंग आहे. कोणी जवळ आलं की तो फुटतो. बनवणाऱ्यांच्या मनात त्याचं काम एवढंच होतं. काही खेळाडूंनी तो भिंतीला लावला आणि उडी मारून त्यावरच उभे राहिले. मग हाताच्या अंतरावर दुसरा लावला, त्यावर चढले, खालचा काढून घेतला, आणखी वर लावला. असं करत ते हवी ती भिंत चढू लागले आणि डिझायनरांनी जपून आखलेल्या हद्दीबाहेर पोचले. गेमचे मुख्य डिझायनर हार्वे स्मिथ यांनीच हा किस्सा पुढे जाहीरपणे सांगितला.

सुरुंगाची पायरी होते, असं प्रोग्राममध्ये कोणीही लिहिलेलं नव्हतं. दोन साधे नियम तेवढे होते: सुरुंग भिंतीला चिकटतो आणि घन वस्तूवर उभं राहता येतं. बहुतेक गेम्समध्ये प्रत्येक अडचणीचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. अमुक दार अमुक किल्लीनेच उघडतं, शेजारी बॉम्ब फुटला तरी त्याच्यावर ओरखडा उठत नाही. ‘इमर्सिव्ह सिम’ म्हणवणाऱ्या गेम्समध्ये गुण वस्तूला दिलेला असतो, प्रसंगाला नाही. ‘डेऊस एक्स’मधले काही शत्रू मरताना फुटतात. खेळाडू त्यांना मुद्दाम कुलूपबंद दाराजवळ ओढून आणत आणि तिथेच मारत. स्फोटाने दार उडायचं.

कुलपाशेजारी हवा खेळवणारं भुयार दिसलं की काहीजण लगेच ‘काय स्वातंत्र्य आहे!’ म्हणतात. मला ते पटत नाही. तो डिझायनरनेच बांधलेला दुसरा रस्ता, आणि ‘डेऊस एक्स’मध्येही असे रस्ते भरपूर आहेत. खरी परीक्षा अशी: हीच युक्ती जिथे तिची कोणी तयारी केली नव्हती तिथेही चालते का? सुरुंगांची शिडी चालते.

याची किंमतही मोजावी लागते. खेळाडू भिंतीवरून गेला तर वाटेत घडायचा प्रसंग घडतच नाही आणि कथेचा धागा तुटतो. अदृश्य भिंत घालून वाट बंद करता येते, पण मग वस्तूंचे नियम खोटे ठरतात.

अर्केन स्टुडिओने २०१७च्या ‘प्रे’मध्ये उलट वाट धरली. अंतराळस्थानकात घडणाऱ्या या गेममधली एक बंदूक फेसाचे गोळे मारते. ते घट्ट होतात आणि त्यांवरून भिंत चढता येते. म्हणजे तेव्हाची पळवाट आता राजरोस हत्यार झाली. त्याच गेममध्ये एक खेळण्यातलं धनुष्य आहे. त्याच्या मऊ बाणाने कोणालाही इजा होत नाही. पण संगणकाच्या पडद्याला बाणाचा स्पर्श बोटासारखाच कळतो. बंद खोलीच्या फटीतून नेम धरून आतल्या पडद्यावरचं दार उघडायचं बटण दाबता येतं. नेम चुकला तर दुसरा बाण घ्यायचा.