पाटीवरचा सात

दहावीतल्या भाचीने मला चित्रपटगृहात शेवटपर्यंत बसवून ठेवलं. पडद्यावरून नावं सरकत होती, झाडूवाले आत आले होते. “मामा, ही एवढी माणसं करतात काय?” तिने विचारलं. मला धड सांगता आलं नाही. तेव्हाच संपादकांचा फोन आला, की मुलांसाठी कॅमेऱ्यामागच्या कामांवर लिहा. म्हणून मी वाईजवळच्या एका वाड्यात चाललेल्या मराठी चित्रीकरणाला गेलो.

मनात होतं की दिग्दर्शकाशी बोलावं. पण दिवसभर पाहत राहिलो ती पंचविशीतल्या एका मुलीकडे, जिच्या हातात पाटी होती. सेटवर तिला सगळे ‘क्लॅप’च म्हणत. सहायक दिग्दर्शकांच्या शिडीची ही सगळ्यात खालची पायरी. वरच्या पायऱ्यांवर कपडे आणि वस्तूंची कंटिन्युटी सांभाळणारे, कलाकारांना वेळेवर मेकअपमधून बाहेर काढणारा सेकंड एडी, आणि सगळ्यात वर फर्स्ट एडी. रोजचं वेळापत्रक फर्स्ट एडीच्या डोक्यात असतं.

पाटी वाजवतात कशासाठी? कॅमेरा चित्र घेतो आणि आवाज वेगळ्या यंत्रावर साठतो. नंतर दोन्ही जुळवायचे, तर दोन्हीकडे सापडेल अशी एक खूण लागते. पाटीची फळी मिटते तो क्षण चित्रात दिसतो आणि त्याच क्षणी आवाजाच्या आलेखात उभा सुळका येतो. सेकंदाला २४ चौकटी असतात. दोन चौकटींची चूक झाली, तरी बोलणं ओठांवरून सुटल्यासारखं वाटू लागतं.

काम दिसायला सोपं आहे. फर्स्ट एडी ओरडला, “रोल साउंड!” ध्वनिमुद्रकाने “रोलिंग” म्हटलं. मग कॅमेरा सुरू झाला. मुलगी म्हणाली, “सीन सत्तावीस, शॉट चार, टेक दोन,” टक् केलं आणि पाय न वाजवता बाजूला झाली. यात चुकायला किती जागा आहे ते तिनेच सांगितलं. पाटी चौकटीत बसायला हवी, म्हणून ती आधी लेन्सचा आकडा विचारते. दर दहा मिलिमीटरला एक फूट, असा तिचा हिशेब. ५०ची लेन्स असेल तर पाटी कॅमेऱ्यापासून साधारण पाच फुटांवर. क्लोजअपला नटीच्या नाकासमोर फाडकन वाजवायची नाही, कारण ती बाई रडायच्या तयारीत असते. तिथे हलकेच मिटवायची. सुरुवातीला क्लॅप राहून गेला, तर शॉट संपल्यावर पाटी उलटी धरून द्यायचा.

आता कॅमेरा आणि ध्वनियंत्र दोघांनाही एकच घड्याळ लावतात, त्याला टाइमकोड म्हणतात. मग पाटी कशाला, असं मी विचारलं. ती हसली. “बॅटरी बदलली आणि घड्याळ पुन्हा लावायचं राहिलं, की सगळे माझ्याकडे बघतात.”

चूक माझ्यासमोरच झाली. टेक दोन सुरू होताच गल्लीतून टेम्पो गेला आणि फर्स्ट एडीने लगेच थांबवलं. ध्वनिमुद्रकाने तो टेक मोजला आणि पुढच्याला आपल्या वहीत तीन लिहिलं. मुलीने तो धरलाच नाही. तिच्या पाटीवर पुन्हा दोनच. त्या गडबडीत हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आठवड्याने मी अंधेरीतल्या एका एडिटिंग रूममध्ये बसलो होतो. खिडकी नाही, एसी कडक. तिथल्या शिडीची खालची पायरी म्हणजे सहायक संकलक. सेटवरून आलेल्या ड्राइव्हच्या प्रती करायच्या, त्या अक्षर न् अक्षर जुळतात का ते तपासायचं, मगच कार्ड पुसायला परवानगी द्यायची. नंतर प्रत्येक टेकला आवाज जोडून नाव द्यायचं. इथे सहायकाला चित्राचे ‘टेक दोन’ दोन सापडले आणि आवाजाचा एकच. एक चित्र अकरा सेकंदांचं, दुसरं दीड मिनिटाचं. उरलेला आवाज ‘तीन’ नावाचा होता, लांबी दीड मिनिटाच्या चित्राशी जुळत होती, पण त्यात मुलीचा आवाज म्हणत होता “टेक दोन”. त्याने तो लावला आणि प्रसंगातल्या आईच्या तोंडचा ‘बाबा’ हा शब्द पाहिला. ब, प, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात. ओठ बरोबर आवाजाच्या जागी मिटले. या एका शॉटने त्याची वीस मिनिटं खाल्ली, आणि सिनेमात असे शॉट शेकड्यांनी असतात.

त्याच प्रसंगात दुसरी भानगड निघाली. सकाळी घेतलेल्या मोठ्या शॉटमध्ये आई चहाचा ग्लास उचलते आणि मग “येशील ना परत?” असं विचारते. जेवणानंतरच्या क्लोजअपमध्ये ती आधी विचारते, मग ग्लास उचलते. संकलकाला ग्लास उचलण्याच्या हालचालीवर शॉट बदलायचा होता, कारण हालचालीत कट डोळ्यांना जाणवत नाही. आता बदलला तर ग्लास दोनदा उचलला जाणार. बाईंनी (पंधरा वर्षं संकलन करतायत) थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं आणि मध्ये मुलाचा चेहरा घातला. प्रश्न ऐकू येतो, पण दिसतो तो गप्प बसलेला मुलगा. मग आई, हातात ग्लास आधीच. चूक झाकली गेली, आणि मुलगा परत येणार नाही हे एक शब्द न बोलता कळलं. “संहितेत हे नव्हतं,” बाई म्हणाल्या, आणि पुढच्या शॉटकडे वळल्या.

म्हणून भाचीला मी सांगितलं, की गोष्ट सांगायला शिकायचं तर ही खोली सेटपेक्षा वाईट नाही. राजकुमार हिरानी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनच शिकले आणि पुढे २००३ साली ‘मुन्नाभाई’ घेऊन आले. तिथल्या संकलनाच्या मोठ्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, तोवर ‘डाविंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती घरच्या संगणकावर चालवता येते. सहायक दिग्दर्शकाला मात्र पदवी कुणी विचारत नाही, तिथे ओळख लागते. राजदत्त राजा परांजप्यांच्या हाताखाली तयार झाले, ती वाट अजून तशीच आहे.

पण त्या वाटेबद्दल सेटवरच्या फर्स्ट एडीने जे ऐकवलं, ते मला भाचीपासून लपवता येत नाही. फर्स्ट एडी होणं म्हणजे दिग्दर्शक होण्याच्या आधीची पायरी, असं बाहेरच्यांना वाटतं. “मी सोळा वर्षं दुसऱ्याचं वेळापत्रक चालवतोय. जितका चांगला चालवतो, तितके लोक मला त्याच कामाला बोलावतात.” स्वतःची संहिता त्याने दोनदा लिहायला घेतली. बारा तासांची शिफ्ट, वर येण्याजाण्याचे तीन तास, लिहिणार कधी?

पैशाचं गणित आणखी विचित्र. क्लॅप देणाऱ्या मुलीला पूर्ण सिनेमाची ठरावीक रक्कम मिळणार होती. चाळीस दिवसांचं काम पावसामुळे पन्नासावर गेलं, रक्कम तेवढीच. शेवटचा हप्ता प्रदर्शनानंतर, आणि प्रदर्शनाची तारीख ठरलेली नाही. कागदावर काही नाही. रात्री दोनला पॅकअप झाल्यावर मुलींना मुक्कामी सोडायला गाडी आहे का, हे ती आता पहिल्याच भेटीत विचारते. आधी संकोच वाटायचा. एडिटिंग रूममध्ये ऊन-पाऊस नाही, पण ‘लॉक’ झालेला सिनेमा निर्मात्याच्या एका फोनने उघडतो. मग ध्वनी, रंग, पार्श्वसंगीत, सगळ्यांकडे गेलेलं काम परत बोलवायचं, आणि ती निस्तरणी त्या सहायकाच्याच गळ्यात.

निघताना सहायक संकलकाने मला एक निरोप दिला. “त्या मुलीला सांगा, तिचा सात एकासारखा दिसतो. मध्ये एक आडवी रेघ मारत जा म्हणावं.” दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते. तो तिला फक्त आवाजाने आणि अक्षराने ओळखत होता.

मी फोन केला. ती नाशिकला दुसऱ्या युनिटवर होती. “अय्या, आता सांगितलंत!” ती म्हणाली. “माझ्याकडे आता पाटी नाही हो, कपड्यांची कंटिन्युटी आहे. पाटी नव्या मुलाकडे गेली.” मग जरा थांबून, बहुधा फोनवर हात न ठेवताच, तिने त्याला हाक मारली आणि सात लिहून दाखवायला सांगितला.