नव्वद मीटरचा हिशेब

नव्या ऑफिसचं काम निघालं की केबलबद्दल पहिला प्रश्न येतो तो ‘कॅट सिक्स घ्यायची की सिक्स ए?’ हाच. ती किती लांब टाकावी लागणार, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. महागडी केबल घेतली म्हणजे ती कितीही लांब नेता येईल, असा समज त्यामागे असतो आणि तो साफ चुकीचा आहे. कॅट फाइव्ह ई असो, सिक्स असो वा सिक्स ए, तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा एकच: १०० मीटर. त्यातले ९० मीटर भिंतीतून किंवा छतावरून जाणाऱ्या पक्क्या केबलचे. उरलेले १० दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डसाठी, म्हणजे रॅकमधल्या आणि टेबलावरच्या सुट्या वायरींसाठी.

कॅटेगरीमुळे बदलते ती त्या अंतरावर मिळणारी गती. सेकंदाला १ गिगाबिटसाठी कॅट फाइव्ह ईसुद्धा पूर्ण १०० मीटर पुरते. १० गिगाबिटचं तसं नाही. कॅट सिक्सची चाचणी २५० मेगाहर्ट्झपर्यंतच होते आणि १० गिगाबिटला त्याच्या दुप्पट पल्ला लागतो. फ्रिक्वेन्सी जितकी वर, तितका सिग्नल तारेत लवकर क्षीण होतो. शिवाय ट्रेमध्ये एकत्र बांधलेल्या केबल्सचे सिग्नल एकमेकांत मिसळू लागतात. म्हणून कॅट सिक्सवर १० गिगाबिट ५५ मीटरपर्यंतच धरतात आणि घट्ट गठ्ठा असेल तर ३७ मीटरपर्यंतच. सिक्स ए मात्र १०० मीटरपर्यंत हा भार पेलते.

आता एक मजला धरू: ७० मीटर लांब, २५ मीटर रुंद, आणि लिफ्टशेजारी रिकामी खोली मिळाली म्हणून रॅक एका कोपऱ्यात ठेवलेला. नकाशावर पट्टी लावली तर समोरच्या कोपऱ्यातलं टेबल ७४ मीटरवर दिसतं आणि सगळे निश्चिंत होतात. पण केबल तिरकी जात नाही. ती ट्रेच्या वाटेनं काटकोनात वळते, म्हणजे ७० अधिक २५. त्यात रॅकपासून छतापर्यंत ३ मीटर, छतावरून टेबलापर्यंत ३ आणि हाताशी ठेवायची २ मीटर जादा केबल धरली की आकडा १०३ वर जातो. पॅच कॉर्ड अजून जोडलेलीच नाही! तोच रॅक लांब भिंतीच्या मधोमध आणला, तर सर्वांत दूरचं टेबल ६८ मीटरवर येतं. १ गिगाबिटसाठी इथे कॅट सिक्स आरामात चालते. त्या टेबलावर १० गिगाबिट हवं असेल तरच सिक्स एचा खर्च करावा.

आपल्याकडे उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. नियमातले ९० मीटर २० अंश तापमानाचे आहेत. पत्र्याखालच्या फॉल्स सीलिंगमध्ये ४० अंश झाले, की तांब्यातला सिग्नल सुमारे ८ टक्के जास्त क्षीण होतो आणि ९० चे साधारण ८३ मीटरच उरतात. सकाळी सुरळीत चालणारं टेबल भर दुपारी अडखळू लागण्याचं हे एक कारण असू शकतं.

लांब केबलमुळे गती का घटते? वेळ जातो म्हणून नव्हे. १०० मीटर ओलांडायला सिग्नलला सेकंदाचा साधारण २० लाखावा भाग लागतो. खरी अडचण क्षीण सिग्नलची. तो पलीकडे नीट वाचता येत नाही, पाकिटं टाकून द्यावी लागतात आणि ती पुन्हा मागवली जातात. पाठवणारा संगणक याला गर्दी समजून आपणहून वेग कमी करतो. म्हणूनच ११० मीटरची केबल बंद पडत नाही. दिवा हिरवा राहतो, फाइल मात्र रेंगाळते. पुष्कळदा दोष इंटरनेट कंपनीच्या माथी मारला जातो.

शहानिशा घरच्या घरी करता येते. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ही आज्ञा द्यावी:

```
Get-NetAdapter
```

LinkSpeed खाली 1 Gbps ऐवजी 100 Mbps दिसलं, तर केबलची लांबी पाहावी. केबलच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. रॅकपाशी ०४१ आणि टेबलापाशी १२८ असेल, तर ती ८७ मीटर आहे. केबल आखूड असूनही 100 Mbps दिसत असेल, तर बहुधा चार जोड्यांपैकी एखादी नीट पंच झालेली नाही, कारण १ गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि १०० मेगाबिटचं काम दोनांवर भागतं. आकडा 1 Gbps असूनही काम रेंगाळत असेल, तर स्विचमधल्या त्या पोर्टवर चुकीच्या पाकिटांची संख्या वाढतेय का, ते पाहावं.

अंतर ९० च्या पुढे जाणारच असेल, तर मजल्याच्या दुसऱ्या टोकाला एक छोटा रॅक आणि स्विच बसवून दोघांमध्ये फायबर टाकावी. आणि फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी कंत्राटदाराकडून प्रत्येक पॉइंटचा सर्टिफिकेशन रिपोर्ट मागावा. हजार-दोन हजारांचा दिवे लागणारा टेस्टर फक्त जोडणी तपासतो, सिग्नल किती क्षीण झाला ते सांगत नाही. तो रिपोर्ट हातात पडल्याशिवाय शेवटचं बिल चुकतं करू नये.