रजेचं खातं: जमा, नावे आणि शिल्लक



आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या मुली, सुना आता वाशी, सानपाडा, बेलापूर भागात छोट्या-मोठ्या ऑफिसात कामाला जातात. काही जणी आपल्याच महासंघाच्या ऑफिसात लेखापाल, सहयोगिनी म्हणून आहेत. मासिक बैठकीत या ताई हमखास विचारतात, "माझी रजा नक्की किती उरली आहे?" उत्तर बहुतेक वेळा अंदाजाने मिळतं. म्हणून या अंकात रजेचा हिशोब कसा ठेवायचा ते पाहू.

गटाचं बचत खातं लिहिता येतं तिला हे अवघड नाही. बचतीच्या वहीत आपण नुसती शिल्लक खोडून नवा आकडा लिहीत नाही. तारीख, जमा, नावे आणि मग शिल्लक, अशी ओळ लिहितो. रजेचंही तसंच करायचं. ज्या ऑफिसात भिंतीवरच्या कागदावर "अमुक ताई – 12 दिवस" एवढंच लिहिलेलं असतं, तिथे तो बारा कसा आला हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही.

रजा जमा कशी होते?

महाराष्ट्रात दुकानं आणि ऑफिसांसाठी 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात दोन प्रकारच्या रजा लक्षात ठेवायच्या. पहिली नैमित्तिक रजा, जिला ऑफिसात सीएल म्हणतात. ती वर्षाला 8 दिवस मिळते, दर तीन महिन्यांनी खात्यात जमा होते आणि वापरली नाही तर वर्ष संपताच जाते. दुसरी अर्जित रजा, म्हणजे काम करून कमावलेली भरपगारी रजा. वर्षात किमान 240 दिवस काम केलं, तर केलेल्या कामाच्या दर 20 दिवसांमागे 1 दिवस, या हिशोबाने ती पुढच्या वर्षी मिळते. न वापरलेली अर्जित रजा साठवता येते, पण जास्तीत जास्त 45 दिवस.

एखाद्या ताईने वर्षात 300 दिवस काम केलं तर 15 दिवस रजा होते. पंधराला बारा महिन्यांत वाटलं की महिन्याला सव्वा दिवस, म्हणजे 1.25. म्हणून बरीच ऑफिसं दर महिन्याच्या शेवटी 1.25 जमा करतात. कायदा महिन्याची अट घालत नाही. वर्षअखेरीची बेरीज कायद्यापेक्षा कमी भरू नये, एवढंच पाहायचं.

हा कायदा आला तेव्हा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांना लागू झाला. चार-पाच जणींचं ऑफिस त्यात बसत नाही. अशा ऑफिसाने आपला नियम कार्यकारिणीच्या ठरावात लिहून ठेवावा: महिन्याला किती जमा, किती दिवस पुढे नेता येतील, अर्ज किती दिवस आधी द्यायचा. माप म्हणून हाच कायदा घ्यावा.

अर्जाची स्थिती का लिहायची?

रजा मागितली म्हणजे ती खर्च झाली असं नाही. म्हणून प्रत्येक अर्जासमोर चारपैकी एक शब्द हवा: प्रलंबित, मंजूर, नाकारली, रद्द. शिल्लकेतून फक्त "मंजूर" दिवस वजा होतात. सोबत दोन तारखाही हव्यात, अर्ज दिल्याची आणि उत्तर मिळाल्याची. या तारखांमुळे काय फरक पडतो, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा एका ताईच्या खात्यात 1 जानेवारीला 36 दिवस अर्जित रजा आहे. वर्षभरात 1.25 प्रमाणे 15 दिवस जमा झाले, एकूण 51. मे महिन्यात गावी जायला तिने 3 दिवस मंजूर करून घेतले, उरले 48. डिसेंबरमध्ये भाचीचं लग्न आहे. तिने 5 डिसेंबरला अर्ज दिला, 22 तारखेपासून 4 दिवस.

रजा मंजूर झाली तर शिल्लक 44. पंचेचाळीसच्या आत असल्यामुळे पूर्ण 44 दिवस पुढच्या वर्षात जातात, काहीच बुडत नाही.

रजा नाकारली आणि ती कामावर आली, तर शिल्लक 48 राहते. पुढे जाणार 45, वरचे 3 दिवस उरतात. पण कायदा असं सांगतो की, 15 दिवस आधी अर्ज देऊनही मालकाने देय रजा नाकारली, तर 45 च्या वरच्या रजेचे पैसे मागण्याचा कामगाराला हक्क आहे. तिचा अर्ज 17 दिवस आधीचा आहे. रोज 500 रुपये धरला तर 1500 रुपये झाले.

आता तिसरी शक्यता. अर्ज तोंडी सांगितला, किंवा कागद टेबलावर "प्रलंबित" पडून राहिला. ताई कामावर आली, 31 डिसेंबरला हिशोब बंद झाला आणि 3 दिवस गुपचूप गेले. नाकारल्याचा पुरावाच नाही, तर पैसे कशाच्या आधारावर मागणार? म्हणून वर्षाचं खातं बंद करताना एकही अर्ज प्रलंबित ठेवू नये. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह सही घ्यावी.

कॉम्प्युटरवर करायचं असेल तर

प्रत्येकीसाठी एक पान ठेवा. A रकान्यात तारीख, B मध्ये तपशील, C मध्ये जमा, D मध्ये मागितलेले दिवस, E मध्ये स्थिती, F मध्ये उत्तराची तारीख. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं येतील, दुसऱ्या ओळीत मागच्या वर्षाची शिल्लक C मध्ये लिहा. मग आजची शिल्लक अशी निघते:

```
=SUM(C2:C60)-SUMIFS(D2:D60,E2:E60,"मंजूर")
```

ही शिल्लक H2 मध्ये असेल, तर पुढच्या वर्षात जाणारे दिवस:

```
=MIN(45,H2)
```

45 ची मर्यादा फक्त 31 डिसेंबरला लावायची. काही ठिकाणी ती दर महिन्याला लावतात. मग आपल्या ताईची शिल्लक डिसेंबरच्या आधीच 45 वर अडकते आणि पुढचा सव्वा सव्वा दिवस जमाच होत नाही. लग्नाची 4 दिवस रजा मंजूर झाली तरी हातात 44 ऐवजी 42.25 उरतात.

दुसरी नेहमीची गडबड टायपिंगची. कुणी "मंजुर" लिहिलं किंवा शब्दापुढे मोकळी जागा सोडली, तर ते दिवस वजा होत नाहीत आणि शिल्लक जास्त दिसते. म्हणून स्थितीचा शब्द टाईप न करता यादीतून निवडायची सोय करून घ्या. नैमित्तिक रजेचं पानही वेगळं ठेवा, कारण ती पुढे जात नाही.

महिन्याच्या शेवटी हजेरीपत्रक शेजारी ठेवून एकदा ताळा करा. हजेरीपत्रकात जितक्या दिवशी अर्जित रजा लिहिली आहे, तितकेच मंजूर दिवस खात्यात हवेत. फरक आला तर त्याच महिन्यात शोधा आणि ताळा झाला की खात्यावर त्या ताईची सही घ्या.