वारा माइकपर्यंत पोचण्याआधी

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या तिथल्या भन्नाट वाऱ्यामुळे. समजा, याच पठारावर एका शेतकऱ्याची मुलाखत चित्रित करायची आहे. कॅमेरा दोन मीटरवर आहे आणि त्याच्यावर छोटा शॉटगन माइक बसवलेला आहे. चित्र उत्तम येतं, पण आवाज ऐकायला घेतला की प्रत्येक झोताबरोबर घरघर आणि धप्प असे धक्के बसतात आणि त्यांच्याखाली बोलणं बुडून जातं.

ही घरघर पठारावर कुणालाच ऐकू आलेली नसते. वाऱ्याचा जो आवाज आपण ऐकतो तो गवताचा, पानांचा, तारांचा असतो. माइकमधली घरघर मात्र माइकपाशीच तयार होते. हवेचे लहानमोठे भोवरे थेट त्याच्या नाजूक पडद्यावर आदळतात आणि माइकच्या अंगावरून वळताना हवा आणखी भोवरे निर्माण करते. माइकला हा दाब आणि ध्वनी यांत फरक करता येत नाही. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. म्हणूनच झुळुकीत ठीक वाटणारी व्यवस्था झोतात एकदम कोलमडते.

त्यामुळे पहिला उपाय म्हणजे भोवरे पडद्यापासून लांब ठेवणं. माइकसोबत मिळणारी स्पंजची टोपी खोलीत पुरते, मोकळ्या माळावर नाही. तिथे लांब, दाट केसांचं आवरण लागतं. व्हिडिओग्राफर त्याला ‘डेड कॅट’ म्हणतात. उसाच्या फडात शिरलेला वारा जसा पानापानांत अडकून मंदावतो, तसा तो या केसांत मंदावतो. ध्वनीच्या लहरी मात्र बऱ्याचशा आरपार जातात. केसांच्या आत माइकभोवती स्थिर हवेची मोकळी जागा असेल तर परिणाम आणखी चांगला मिळतो. चित्रपटवाले शॉटगन माइक मोठ्या जाळीदार पिंजऱ्यात ठेवून त्यावर केसाळ आवरण चढवतात, ते याचसाठी. आवरणामुळे आवाजातला वरचा उजळपणा थोडा कमी होतो, पण तो संकलनात भरून काढता येतो. केस ओले होऊन चिकटले की मात्र आवरण निकामी होतं. ते वाळवून, विंचरून पुन्हा मोकळं करावं लागतं.

दुसरा उपाय जागेचा. दिशा धरणारे माइक वाऱ्याला जास्त हळवे असतात, कारण ते पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक पकडतात. त्यामानाने सगळीकडून सारखं ऐकणारा साधा कॉलर माइक वारा बराच सोसतो. त्यातून अंतराचा फायदा वेगळा. अंतर निम्मं झालं की थेट येणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो. कॅमेऱ्यावरचा माइक 2 मीटरवर असेल आणि कॉलर माइक छातीवर 25 सेंटिमीटरवर लावला, तर अंतर तीनदा निम्मं झालं, म्हणजे बोलणं साधारण 18 डेसिबलने जवळ आलं. वारा तेवढाच राहतो.

म्हणून आपल्या शेतकऱ्याला कड्याच्या धारेवरून मागे आणावं, कारण धारेवर वारा आणखी जोर धरतो. गाडीच्या किंवा बांधाच्या आडोशाला, शक्य तर खाली बसवावं. जमिनीलगत वारा कमी असतो. पाठ वाऱ्याकडे ठेवली की छातीवरचा माइक शरीराच्या आड येतो. त्यावरही छोटी केसाळ टोपी हवीच. माइक सदऱ्याच्या आत लपवला तर कापड घासल्याची खरखर येते का, ते आधी तपासावं.

लो-कट फिल्टरचा क्रम यानंतर. वाऱ्याच्या घरघरीची बहुतेक ताकद खालच्या, सुमारे 200 हर्ट्झच्या आतल्या पट्ट्यात असते. पण पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूरही साधारण 85 ते 180 हर्ट्झमध्येच असतो. म्हणून फिल्टर 80 हर्ट्झच्या आसपास ठेवला तर बोलणं शाबूत राहतं. 150च्या वर नेला तर आवाज पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. माइकवर स्वतःचं बटण असेल तर तेच वापरावं, कारण ते कॅमेऱ्याच्या आधी काम करतं. झोताने कॅमेऱ्याच्या आवाजाची मर्यादा ओलांडली की लहरींची टोकं छाटली जातात. मग संकलनातला कोणताही फिल्टर गमावलेली अक्षरं परत आणू शकत नाही.

हे सगळं नीट झालंय का, ते कॅमेऱ्याच्या छोट्या स्पीकरवर कळत नाही, कारण त्यातून खालचे सूर जवळपास उमटतच नाहीत. कान झाकणारे हेडफोन लावून, कुणी बोलत नसताना मीटर पाहावा. काटा उसळ्या मारत असेल तर तो वाराच. कॅमेऱ्याचं आपोआप पातळी ठरवणारं सेटिंगही बंद करावं. नाहीतर प्रत्येक झोतानंतर कॅमेरा आवाज दाबतो आणि पुढचे शब्द क्षीण होतात. एखाद्या उत्तरात धक्का ऐकू आलाच, तर झोत ओसरेपर्यंत थांबून तोच प्रश्न पुन्हा विचारावा.