गवती चहाच्या कुंडीत दाटी झाली की

गवती चहाच्या पातीची टोकं आणि कडा तपकिरी पडल्या की पहिला हात जातो तो पाण्याच्या झारीकडे. पण बारा इंची कुंडीत दोन वर्षं वाढलेल्या बेटाचं दुखणं बहुतेक वेळा मुळांशी असतं.

खात्री करायला कुंडीत तांब्याभर पाणी ओता. ते मातीत न मुरता लगेच खालच्या भोकातून बाहेर आलं, तर आत मुळांचं जाळं झालं आहे आणि पाणी धरायला मातीच उरलेली नाही, असं समजा. अशा वेळी रोज पाणी घालूनही बेट तहानलेलंच राहतं आणि त्याची झळ आधी पातीच्या टोकाला बसते. मातीवर पांढरा थर दिसत असेल, तर खताचे किंवा जड पाण्याचे क्षार साचलेले असतात. त्यानेही कडा करपतात. पातीच्या खालच्या बाजूला तपकिरी रेघा आणि बोटाला लागणारी भुकटी दिसली, तर मात्र तो तांबेरा. ती पाती कापून कचऱ्यात टाका आणि पाणी पानांवर न शिंपडता बुंध्याशी घाला.

मुळं दाटली असतील तर बेट फोडावं. त्यासाठी पावसाळ्याची सुरुवात उत्तम. आधी सगळी पाती मातीपासून वीतभर ठेवून कापा. चहासाठी एरवीही एवढ्याच उंचीवर, बुंध्याचा पांढरट भाग सोडून कापायचं, म्हणजे पुन्हा पाती फुटते. तिची धार हात कापते, म्हणून हातमोजे घाला. मग कुंडी आडवी करून गड्डा बाहेर काढा. तो हाताने सुटत नसेल तर जुनी सुरी किंवा करवत चालवा. प्रत्येक ठोंबाला दोन-तीन फुटवे आणि त्यांची स्वतःची मुळं हवीत. मधले वाळलेले, पोकळ झालेले फुटवे टाकून द्या.

ठोंब पूर्वी होता तेवढाच खोल लावा. बुंधा जास्त खोल गाडला तर तो कुजतो. माती, शेणखत आणि थोडी वाळू असं मिश्रण पुरतं. आठवडाभर सावलीत ठेवून मग उन्हात न्या.

खताची घाई मात्र नको, कारण तुटलेल्या मुळांना ते सोसत नाही. नवी पाती दिसू लागली की महिन्याला दोन मुठी गांडूळखत ओल्या मातीत मिसळा. सतत कापल्या जाणाऱ्या या गवताला नत्र लागतं. ते कमी पडलं तर आधी खालची जुनी पाती पूर्ण पिवळी होते, नुसत्या कडा नाहीत.

करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही. तेव्हा उपाय लागू पडला की नाही, हे नव्या पातीवरून ठरवा. ती टोकापर्यंत हिरवी आली, तर मुळांना जागा मिळाली आहे. पुढची फोडणी साधारण दोन वर्षांनी, पाणी पुन्हा सरळ खाली वाहू लागेल तेव्हा.