विश्लेषण : गाणे पुण्यातले, मग त्याचा कोड ‘QZ’ने का सुरू होतो?

गायिका पुण्याची, स्टुडिओ पुण्यातला आणि गाणे मराठी. ते स्पॉटिफाय, ॲपल म्युझिकवर यावे म्हणून एखाद्या ऑनलाइन वितरण कंपनीमार्फत चढवले, की गाण्याच्या नावासमोर बारा अक्षर-अंकांचा एक कोड दिसू लागतो. तो ‘IN’ने सुरू होईल अशी अपेक्षा असते. अनेकदा मात्र त्याची सुरुवात ‘QZ’ने झालेली असते. मग गाण्याची नोंद परदेशात झाली का, हक्कही तिकडे गेले का, अशी शंका येते. या कोडच्या पहिल्या दोन अक्षरांचा नेमका अर्थ काय?

आयएसआरसी म्हणजे काय?

या कोडला आयएसआरसी, म्हणजे इंटरनॅशनल स्टँडर्ड रेकॉर्डिंग कोड म्हणतात. ध्वनिमुद्रित गाण्याचा हा ओळख क्रमांक. तो चाल किंवा शब्दांना नसतो, तर त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाला असतो. एकच गाणे आधी स्टुडिओत आणि मग मैफलीत मुद्रित झाले, तर दोन्हींना वेगळे कोड लागतात. कोडची रचना ‘आयएसओ ३९०१’ या मानकाने ठरवली आहे. जागतिक पातळीवर त्याचे काम संगीत कंपन्यांची संघटना ‘आयएफपीआय’ पाहते आणि बहुतेक देशांत त्यासाठी एक राष्ट्रीय संस्था असते. भारतात ही जबाबदारी ‘इंडियन म्युझिक इंडस्ट्री’कडे, अमेरिकेत ‘रेकॉर्डिंग इंडस्ट्री असोसिएशन ऑफ अमेरिका’कडे, तर ब्रिटनमध्ये ‘पीपीएल’कडे आहे.

कोड कसा वाचायचा?

डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या ‘हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर’ या गाण्याचा कोड पाहू.

```
GBDUW0000059
GB | DUW | 00 | 00059
```

पहिली दोन अक्षरे ‘GB’, म्हणजे ब्रिटन. पुढची तीन अक्षरे ‘DUW’ ही कोड देणाऱ्या नोंदणीधारकाची खूण आहे. नोंदणीधारक म्हणजे स्वतःच्या ध्वनिमुद्रणांना क्रमांक देण्याची मुभा मिळालेली कंपनी किंवा कलाकार. त्यापुढचे ‘00’ म्हणजे २००० हे वर्ष आणि शेवटचे पाच अंक म्हणजे त्या वर्षातला अनुक्रमांक.

गंमत अशी, की ही जोडी फ्रान्सची आहे आणि ज्या ‘डिस्कव्हरी’ अल्बममध्ये हे गाणे आहे, तो पॅरिसमध्ये मुद्रित झाला. अल्बम प्रसिद्ध झाला २००१ मध्ये. कोडमध्ये मात्र ना फ्रान्स आहे, ना २००१. कारण कोडमधले वर्ष प्रकाशनाचे नसते, तर कोड दिला गेला त्या वर्षाचे असते. तसेच पहिली दोन अक्षरे कलाकाराचा देश सांगत नाहीत. ज्या नोंदणीधारकाने कोड दिला, त्याला आपली खूण कोणत्या देशाच्या संस्थेकडून मिळाली, एवढेच ती सांगतात. इथे ती ब्रिटनमधून मिळालेली होती.

या अक्षरांवरून हक्क कोणाचे, ते कळते का?

नाही. उद्या एखाद्या कंपनीने आपली सगळी जुनी गाणी दुसऱ्या देशातल्या कंपनीला विकली, तरी त्या गाण्यांचे कोड बदलत नाहीत. एकदा दिलेला कोड ध्वनिमुद्रणाला कायमचा चिकटतो. त्यामुळे ‘GB’ किंवा ‘US’ पाहून आजचा मालक ओळखता येत नाही. गाडी दुसऱ्या राज्यात विकली तरी नंबर प्लेट जुनीच राहावी, तसाच हा प्रकार.

‘QZ’ नावाचा देश कोणता?

असा देशच नाही. ‘Q’ पाहून काहींना कतार आठवतो. पण कतारची अक्षरे ‘QA’ आहेत. ‘QM’ आणि ‘QZ’ ही अमेरिकेला दिलेली जादा अक्षरे आहेत.

जादा अक्षरांची गरज का पडली, हे साध्या गुणाकाराने कळते. नोंदणीधारकाच्या खुणेला तीन जागा असतात. प्रत्येक जागी २६ अक्षरे किंवा १० अंक, म्हणजे ३६ पर्याय. ३६ × ३६ × ३६ केले, की ४६,६५६ येतात. याचा अर्थ, ‘US’ या जोडीखाली ४६,६५६ पेक्षा जास्त खुणा देताच येत नाहीत. मोठ्या कंपन्यांपुरती ही संख्या भरपूर होती. पण स्वतंत्र कलाकार आणि ऑनलाइन वितरण कंपन्या वाढल्यावर ती अपुरी पडली.

नव्या जोड्या निवडताना एक काळजी घेण्यात आली. देशांच्या दोन अक्षरी संकेतांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ‘QM’पासून ‘QZ’पर्यंतच्या जोड्या कोणत्याही देशाला न देता राखून ठेवलेल्या आहेत. म्हणून त्यांची कोणत्याही देशाशी टक्कर होण्याचा प्रश्न नव्हता.

अशा जोड्या आल्यानंतर ‘पहिली दोन अक्षरे म्हणजे देश’ हा नियम सैल होत गेला. मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत तर देशाचा वेगळा भाग राहिलाच नाही. आता पहिली पाचही अक्षरे मिळून एकच ‘प्रीफिक्स’ मानला जातो. जुन्या कोडमध्ये ‘GB’, ‘IN’, ‘US’ वाचून कोड कुठून आला, हे बहुधा कळते. पण त्यावरून पक्का निष्कर्ष काढता येत नाही.

‘IN’ हवा म्हणून नवा कोड घ्यावा का?

खरी चूक इथेच होते. वितरण कंपनी बदलताना नवी कंपनी विचारते, ‘तुमच्याकडे आयएसआरसी आहे का?’ तो रकाना रिकामा सोडला, की त्याच गाण्याला नवा कोड मिळतो. स्ट्रीमिंग ॲप हे नवे ध्वनिमुद्रण समजू शकते. मग जुन्या नोंदीवर जमलेले प्ले तिथेच राहतात आणि नवी नोंद शून्यापासून सुरू होते. प्लेलिस्टमधली जागाही जाऊ शकते. मानधनाचे हिशेबही याच कोडवरून जुळवले जात असल्याने त्यातही घोळ होतो.

म्हणून जुना कोड ‘QZ’चा असला, तरी तोच नव्या कंपनीला द्यावा. कंपनी बदलण्याआधी सर्व गाण्यांचे कोड उतरवून ठेवावेत, कारण खाते बंद झाल्यावर ते शोधणे कठीण जाते. ‘IN’ची हौसच असेल, तर इंडियन म्युझिक इंडस्ट्रीकडून स्वतःची खूण घेता येते, पण ती पुढच्या, अजून कोड न मिळालेल्या गाण्यांसाठी वापरायची. याच्या उलट, जुन्या गाण्याचा कोड त्याच्या रीमिक्सला किंवा मैफलीतल्या मुद्रणाला देऊ नये. तसे केल्यास दोन वेगळ्या ध्वनिमुद्रणांचे हिशेब एकमेकांत मिसळतात.

कोड तपासायचा कसा?

आयएफपीआयच्या `isrcsearch.ifpi.org` या संकेतस्थळावर कोड किंवा कलाकाराचे नाव टाकून मोफत शोध घेता येतो. कोड लिहिताना मध्ये दिलेल्या आडव्या रेघा केवळ वाचायला सोप्या जाव्यात म्हणून असतात. त्या कोडचा भाग नाहीत. निकालात गायकाचे नाव, गाण्याचे शीर्षक आणि लांबी आपल्या गाण्याशी जुळते का, ते पाहावे. एकाच ध्वनिमुद्रणासमोर दोन कोड दिसले, तर कुठेतरी रकाना रिकामा सुटलेला असण्याची शक्यता मोठी. गाणे इथे सापडलेच नाही, तर मात्र लगेच घाबरू नये. प्रत्येक ध्वनिमुद्रणाची माहिती इथे पोहोचलेली असतेच असे नाही, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून कोड खोटा ठरत नाही.